रणांगणातला हत्ती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतले हे एक भाषण. ध्वनिमुद्रणावरून लिहून काढले आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांतली दोनच घेतली आहेत. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘हत्ती’ एवढंच सांगितलं. ते म्हणाले, पांढरा हत्ती असेल तर नको, आपली लिफ्ट आहे तेवढी पुरे. तर आजचा हत्ती पांढरा नाही. तो काळा, मदाने फुललेला, लढाईवर निघालेला हत्ती आहे. आणि आज मी मुख्यतः त्याच्या पराभवाबद्दल बोलणार आहे. कारण हत्ती घेऊन लढाई जिंकली हे आपण गोष्टींत ऐकतो, पण समोर हत्ती उभा असताना दोन पायांच्या माणसाने काय केलं, हा मला जास्त मोठा प्रश्न वाटतो.

आधी जनावर समजून घेऊ. पूर्ण वाढीचा नर हत्ती खांद्यापाशी साधारण नऊ फूट. म्हणजे तुमच्या हॉलच्या छताला त्याची पाठ जवळजवळ लागेल. त्याच्या पाठीवर बसलेला माणूस पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत उभ्या असलेल्या माणसाशी गप्पा मारू शकेल. वजन चार-पाच टन. रोजचा चारा दीडशे किलोच्या आसपास. आता गंमत अशी, की घोडा जसा पागेत पैदा करता येतो, तसा हत्ती राजे लोक सहसा पैदा करत नसत. हत्तीणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा, आणि पिल्लू लढाईच्या कामाचं व्हायला वीस वर्षं. वीस वर्षं फुकट खायला कोण घालणार? म्हणून तयार हत्ती रानातून पकडायचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे सगळं व्यवस्थित सांगितलंय. हत्ती उन्हाळ्यात पकडावा, वीस वर्षांचा पकडावा, पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी हत्तीण पकडू नये. हत्तींसाठी वेगळं राखीव रान ठेवावं, त्यावर अधिकारी नेमावा, आणि त्या रानात हत्ती मारणाऱ्याला देहान्त शिक्षा. ही भूतदया नव्हे बरं का. तो शस्त्रागाराचा बंदोबस्त आहे.

म्हणजे लढाईतला प्रत्येक हत्ती हा मुळात रानटी, मोठेपणी माणसाळवलेला प्राणी. त्याला सैन्याशी बांधून ठेवणारा धागा एकच, मानेवर बसलेला माहूत. हे लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

हत्ती लढाईत करायचा काय? तुडवायचा, सोंडेने उचलून आपटायचा, सुळ्यांनी भोसकायचा, हे खरंच आहे. पण त्याचं सगळ्यात मोठं काम तो काहीही न करता, नुसता उभा राहून करायचा. ज्या घोड्याने कधी हत्ती पाहिलेला नाही, तो घोडा हत्तीच्या वासाने आणि आवाजाने बिथरतो. स्वार कितीही शूर असो, खालचा घोडाच पुढे जायला तयार नसेल तर तो काय करणार? आणि त्या काळी घोडदळ हे सैन्याचं सगळ्यात वेगवान अंग. हत्तींची रांग म्हणजे शत्रूच्या घोडदळाला लावलेलं कुलूप.

हे कुलूप कसं उघडलं गेलं त्याची गोष्ट मी जरा सावकाश सांगतो. इसवी सनापूर्वी ३२६. झेलम नदी, पावसाळ्याचे दिवस, वरून बर्फ वितळून आलेलं पाणी, नदी दुथडी भरलेली. पलीकडच्या काठावर पौरव राजा, ज्याला ग्रीक पोरस म्हणतात. अलीकडे अलेक्झांडर. त्याचं घोडदळ त्या काळात जगात भारी. पण एरियन नावाचा ग्रीक इतिहासकार अडचण नेमकी सांगतो. नदी ओलांडायला घोडे तराफ्यांवर घालायचे. समोरच्या काठावर हत्ती उभे. घोड्यांनी लांबून हत्ती पाहिले आणि त्यांचा आवाज ऐकला, की ते काठाला लागायच्या आधीच तराफ्यावरून पाण्यात उड्या टाकणार. म्हणजे एकही बाण न सुटता घोडदळ बुडालं.

मग अलेक्झांडरने काय केलं? रोज रात्री घोडदळ काठाकाठाने इकडून तिकडे पळवायचं, आरडाओरड करायची, रणशिंगं वाजवायची. पोरस आपले हत्ती घेऊन पलीकडच्या काठाने त्या आवाजामागे धावायचा. एक रात्र, दोन रात्री, असं बरेच दिवस. शेवटी कंटाळून पोरसाने धावणं सोडलं आणि नुसते पहारेकरी ठेवले. आपल्याकडे कारचा अलार्म रोज रात्री वाजायला लागला की आठव्या दिवशी कुणी खिडकीतून वाकून बघत नाही, तसंच.

त्यानंतर छावणीत क्रेटेरस नावाच्या सेनापतीला मोठी फौज देऊन बसवलं आणि त्याला दिलेला हुकूम ऐकण्यासारखा आहे. पोरस हत्तींसकट तुझ्या समोर असेपर्यंत नदी ओलांडायची नाही. त्याने थोडी फौज माझ्यावर पाठवली आणि हत्ती इथेच ठेवले, तरी हलायचं नाही. पण हत्ती माझ्याकडे वळले, की ताबडतोब पाण्यात उतरायचं. म्हणजे सगळा बेत पोरस कुठे आहे यावर नाही, हत्ती कुठे आहेत यावर आखलेला. स्वतः अलेक्झांडर सुमारे सहा हजार पायदळ आणि पाच हजार घोडदळ घेऊन रात्री नदीच्या वरच्या अंगाला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर गेला. गवत भरलेल्या कातड्यांचे तराफे आणि होड्या. विजा, वादळ, मुसळधार पाऊस. त्या आवाजात तयारीचा आवाज बुडाला. गंमत म्हणजे पलीकडचा काठ समजून ते उतरले ते एका बेटावर, आणि पुढचा ओढ छातीभर पाण्यातून चालत पार करावा लागला. मोठमोठ्या सेनापतींचंही असं होतं.

पोरसाने आधी मुलाला रथ आणि घोडेस्वार देऊन पाठवलं. चिखलात रथ रुतले, मुलगा मारला गेला. मग पोरस स्वतः निघाला आणि वाळूची, पक्की जमीन बघून त्याने फौज मांडली. पुढे हत्ती, त्यांच्यामागे आणि मधल्या फटींत पायदळ, दोन्ही बगलांना घोडदळ आणि रथ. लांबून बघणाऱ्याला हत्ती म्हणजे तटाचे बुरूज आणि मधलं पायदळ म्हणजे तटाची भिंत वाटावी, असं एका प्राचीन लेखकाने लिहिलंय.

इथे जरा हिशोब करू, मला हिशोबाची सवय आहे. एरियन म्हणतो हत्ती दोनशे, आणि दोन हत्तींमध्ये अंतर निदान शंभर फूट. शंभर फूट म्हणजे आपल्या गेटपासून बी विंगच्या जिन्यापर्यंत. दोनशे गुणिले शंभर, वीस हजार फूट, म्हणजे सहा किलोमीटर लांबीची रांग. मग अलेक्झांडरचं सहा हजार पायदळ त्यासमोर पुरणार कसं? दुसरे लेखक हत्ती एकशे तीस सांगतात, कुणी पंच्याऐंशी. अंतरही कुणी पन्नास फूट सांगतो. पंच्याऐंशी हत्ती आणि पन्नास फूट धरले तर रांग सव्वा किलोमीटरच्या आसपास येते, आणि लढाई जशी वर्णन केलीय तशी डोळ्यांसमोर बसते. माझा कल लहान आकड्याकडे आहे. जिंकणारा माणूस शत्रूचे हत्ती मोजताना हात सैल सोडतो.

अलेक्झांडर त्या तटावर गेलाच नाही. त्याच्या घोड्यांना तिथे जायचं नव्हतं, आणि त्याला ते ठाऊक होतं. त्याने आपलं बहुतेक घोडदळ पोरसाच्या डाव्या बगलेवर घातलं, जिथे हत्ती नव्हते. आधी हजारभर घोडेस्वार तिरंदाजांनी बाणांचा पाऊस, मग धडक. पोरसाचं उजव्या बगलेचं घोडदळ मदतीला डावीकडे यायला लागलं, तेव्हा कोइनस नावाचा सरदार आपली तुकडी घेऊन त्यांच्या पाठीवर आला. दोन तोंडांनी लढायची पाळी आली, आणि पोरसाचे घोडेस्वार मागे सरून हत्तींच्या आसऱ्याला गेले. त्यांचे घोडे हत्तींना सरावलेले, त्यांना भीती नव्हती. आणि फास बसला तो इथे. आता हत्तींभोवती त्यांच्याच घोड्यांची आणि माणसांची दाटी झाली.

मग मॅसिडोनियन पायदळ पुढे झालं. हत्तींनी चाल केली तेव्हा मोठी कत्तल झाली, हे ग्रीक लेखकही लपवत नाहीत. लांब भाल्यांची दाट फळी हत्तींनी जागोजाग फोडली. पण त्यांच्याबरोबर हलके भालाफेके आणि तिरंदाज होते. हत्ती अंगावर आला की बाजूला पांगायचं, गेला की पुन्हा जमायचं, आणि नेम धरायचा तो माहुतावर. काहींनी कुऱ्हाडीने पाय तोडले, विळ्यासारख्या वाकड्या तलवारींनी सोंडेवर घाव घातले. सोंड हे हत्तीचं नाक, हात, सगळं. तिथे घाव बसला की तो लढायचा विचार सोडून देतो. माहूत पडलेला, अंगात बाण रुतलेले, आजूबाजूला हलायला जागा नाही. अशा हत्तीला आपला कोण, परका कोण, हे कळत नाही. मॅसिडोनियनांना मागे मोकळं मैदान होतं, ते सरकत होते. पोरसाच्या माणसांना सरकायला जागाच नव्हती, म्हणून हत्तींच्या पायाखाली जास्त तेच आले. शेवटी हत्ती दमले, आणि एरियन म्हणतो, वल्ही उलटी मारत मागे जाणाऱ्या जहाजांसारखे, तोंड शत्रूकडे ठेवून, नुसते ओरडत मागे मागे सरकत गेले. तोवर क्रेटेरसही नदी ओलांडून आला होता.

पोरस शेवटपर्यंत हत्तीवर बसून लढला, उजव्या खांद्याला जखम झाली तेव्हा वळला. प्लूटार्कने त्याच्या हत्तीची आठवण दिलीय. धनी जखमी होऊन पडणार हे ओळखून तो हत्ती हळूच गुडघ्यांवर बसला आणि राजाच्या अंगातले भाले त्याने सोंडेने एकेक करून काढले. ही गोष्ट खरी किती, तुम्ही ठरवा. मला ती वर्गात सांगायला फार आवडायची. मुलं एकदम शांत व्हायची.

लढाई अलेक्झांडरने जिंकली, पण त्याच्या सैनिकांच्या मनात काय राहिलं बघा. पुढे बियास नदीवर फौज अडून बसली. पलीकडच्या मगधाच्या राजाकडे हजारोंनी हत्ती आहेत अशा बातम्या होत्या, प्लूटार्क तर सहा हजार म्हणतो. एकदा जमलं, पुन्हा नको, हा त्यांचा हिशोब होता.

आणि त्याच्याच सेनापतींनी हत्ती घरी नेले! अलेक्झांडर गेल्यावर वाटणीसाठी भांडणं लागली. त्यातला सेल्यूकस चंद्रगुप्त मौर्याला सिंधूकडचे प्रांत देऊन बसला आणि बदल्यात त्याने पाचशे हत्ती घेतले. आज आपल्याला हा सौदा विचित्र वाटतो. पण इ. स. पूर्व ३०१ मध्ये, आजच्या तुर्कस्तानात, इप्सस इथे ते हत्ती वसूल झाले. शत्रूपक्षाचा तरुण राजपुत्र घोडदळ घेऊन पाठलागात फार पुढे गेला. सेल्यूकसच्या बाजूने हत्तींची रांग मधे आणून उभी केली. घोडे परत येईनात. तिकडे मैदानात त्याचा ऐंशी वर्षांचा बाप, अँटिगोनस, मुलाची वाट बघत मारला गेला. हत्तींनी कुणाला तुडवलं नाही, नुसती वाट अडवली.

मग हत्तींना वाट कशी अडवायची, हेही लोक शिकले. ग्रीसमध्ये मेगालोपोलिस नावाच्या शहराला वेढा पडला होता, इ. स. पूर्व ३१८. तटाला खिंडार पडलं आणि तिथून हत्ती आत घालायचं ठरलं. गावात डामिस नावाचा एक जुना शिपाई होता, अलेक्झांडरबरोबर आशियात फिरून आलेला, हत्ती जवळून पाहिलेला. त्याने दारांसारख्या मोठ्या फळ्यांना खिळे ठोकले, फळ्या त्या खिंडारात उथळ चरांत, टोकं वर करून ठेवल्या, वर माती पसरली. समोर कुणी उभं केलं नाही. सगळी माणसं दोन बाजूंना. हत्ती आले, स्वतःच्याच वजनाने खिळे तळव्यात गेले. पुढे जाता येईना, मागे वळता येईना, आणि बाजूंनी माहुतांवर बाण. तुमच्यापैकी जे गावाकडे अनवाणी हिंडलेत त्यांना सराटा माहीत असेल. कसाही पडला तरी एक काटा वर. पुढे लोखंडाचे असेच सराटे करून रणांगणात पेरायची पद्धत सगळीकडे गेली. हत्तीचं कातडं जाड, पण तळवा मऊ असतो.

मुलं डुकरांबद्दल विचारणार, ती वाचून येतात म्हणून आधीच सांगतो. मेगारा शहराच्या वेढ्यात लोकांनी डुकरांना डांबर फासून, पेटवून हत्तींवर सोडलं असं लिहिलेलं आढळतं. हत्ती किंकाळ्यांना बिचकतो हे खरं. पण पेटलेलं डुक्कर कुठल्या दिशेला पळेल हे डुकरालाही ठाऊक नसतं. हा उपाय पुढे फारसा कुणी वापरलेला दिसत नाही, याचं मला नवल वाटत नाही.

आता रोमनांकडे वळू, कारण त्यांनी आधी सपशेल चूक केली आणि मग ती सुधारली. इ. स. पूर्व २५५, ट्यूनिसजवळ, रोमन सेनापती रेग्युलस. समोर कार्थेजचे शंभराच्या आसपास हत्ती. त्याने विचार केला, हत्ती फळी फोडतो ना, मग फळीच इतकी जाड करू की फुटणार नाही. माणसं दाटीवाटीने, रांगेमागे रांगा. तुम्ही आम्हीही हेच केलं असतं. पण दाट गर्दी हत्तीला सरकून वाट देऊ शकत नाही, म्हणून पुढच्या रांगा तुडवल्या गेल्या. आणि जाडी वाढवली की रुंदी कमी होते, म्हणून कार्थेजच्या घोडदळाने दोन्ही बाजूंनी वळसा घातला. दोन हजारांच्या आसपास माणसं निसटली, रेग्युलस कैद झाला.

त्रेपन्न वर्षांनी, इ. स. पूर्व २०२ मध्ये झामाच्या मैदानात स्किपिओ उभा होता. समोर हॅनिबल, ऐंशी हत्ती पुढे घेऊन. रोमन फौज नेहमी तीन ओळींत उभी राहायची आणि प्रत्येक ओळीत लहान लहान तुकड्या, मधे फटी. पहिल्या ओळीतल्या फटीमागे दुसऱ्या ओळीतली तुकडी. विटांचं बांधकाम बघा, गवंडी वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही, तसं. स्किपिओने त्या दिवशी सांधे मुद्दाम एकामागे एक आणले. तीनही ओळींतून आरपार गल्ल्या तयार झाल्या. समोरून त्या दिसू नयेत म्हणून हलके भालाफेके त्या फटींत उभे केले आणि त्यांना सांगितलं, हत्ती आले की एक तर गल्लीतून सरळ मागे पळा, नाहीतर बाजूच्या ओळींमधल्या जागेत शिरा.

हत्ती निघाले आणि सगळ्या रोमन फळीवरून एकदम तुताऱ्या आणि रणशिंगं वाजली. काही हत्ती तिथेच बिचकले आणि वळले ते हॅनिबलच्याच डाव्या बगलेच्या घोडदळात घुसले. समोर मासिनिसा नावाचा नुमिडियन राजा आपले स्वार घेऊन टपलेला होता, त्याने त्या गोंधळावर झडप घातली. बाकीचे हत्ती भालाफेक्यांच्या अंगावर आले, त्यांनी माणसंही बरीच मारली. पण पुढे एका बाजूला माणसांची भाल्यांनी भरलेली भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळी गल्ली. जनावर शहाणं असतं, ते मोकळ्या जागेकडे जातं. हत्ती गल्लीत शिरले, दोन्ही बाजूंनी भाले खात मागच्या मोकळ्या मैदानात बाहेर पडले. काही उजवीकडे पळाले, तिथेही हॅनिबलच्याच घोडदळाची फळी विस्कटली आणि रोमन स्वारांनी ती उधळली. म्हणजे हॅनिबलची दोन्ही अंगं त्याच्याच हत्तींनी सैल केली. त्यानंतर पायदळाची लढाई बराच वेळ अटीतटीने चालली, आणि रोमन बाजूचं घोडदळ पाठलागावरून परत येऊन पाठीमागून तुटून पडलं तेव्हा निकाल लागला. हॅनिबलचे हत्ती घाईने जमवलेले, कमी शिकवलेले होते असंही म्हणतात. पण गल्ल्या नसत्या तर कच्च्या हत्तींनीही काम केलं असतं, असं मला वाटतं. रेग्युलसच्या फौजेने ते दाखवूनच दिलं होतं.

हत्ती उलटतो हे हत्तीवाल्यांनाही चांगलं माहीत होतं. हॅनिबलचाच भाऊ हस्द्रुबल, त्याच्या माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असायचा. हत्ती आपल्याच माणसांवर फिरला की दोन कानांच्या मधे, जिथे डोकं मानेला मिळतं, तिथे छिन्नी ठेवायची आणि जोराने हातोडा हाणायचा. हत्ती जागच्या जागी खलास. वर्षानुवर्षं ज्याला अंघोळ घातली, ज्याच्या तोंडात घास दिला, त्याच्याच मानेवर बसून हे करायचं. रोमन इतिहासकार लिव्ही हे सांगताना या युक्तीचं कौतुक करतो. मला ते वाचताना त्या माहुताचा हात दिसतो.

मध्ययुगात आपल्याकडे येऊ. सन १३९८, डिसेंबर महिना, दिल्ली. तैमूर उत्तरेतून आला, तुघलक सुलतानाची फौज बाहेर पडली, मधोमध चिलखत घातलेले शंभरावर हत्ती. तैमूरची माणसं घोड्यांवर वाढलेली, आणि त्यांच्या घोड्यांनी हत्ती पाहिलेला नव्हता. छावणीत अफवा, की हत्तीवर बाण चालत नाही, तलवार चालत नाही, तो झाडं उपटतो. तैमूरने बरोबरच्या विद्वान मंडळींना विचारलं, लढाईत तुम्ही कुठे थांबाल? ते म्हणाले, जिथे बायका असतील तिथे. प्रामाणिक माणसं होती.

तैमूरने फौजेपुढे खंदक खणला, म्हशी-रेडे एकमेकांना कातडी वाद्यांनी बांधून आडोसा केला, आणि लोखंडी काटे बनवून घेतले. पुढे सहा वर्षांनी समरकंदला गेलेला क्लाविहो नावाचा स्पॅनिश वकील वेगळीच हकीकत लिहितो. उंटांवर गवताचे भारे लादून, पेटवून ते हत्तींवर सोडले, असं. दोन्ही हकीकती एका वेळी पूर्ण खऱ्या असतीलच असं नाही. पण दोन्हींत मुद्दा एकच आहे. हत्तीला मारायचं नाही, त्याला थांबवायचं किंवा घाबरवायचं, बाकीचं काम तो स्वतः करतो. त्या दिवशी तसंच झालं. दिल्लीचे हत्ती मग समरकंदला गेले आणि मोठ्या मशिदीचे दगड ओढू लागले.

तोफा आल्यावर फार बोलायची गरज नाही. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने सातशेच्या आसपास गाडे कातडी दोरांनी बांधून त्यांच्यामागे तोफा आणि बंदुका ठेवल्या. इब्राहिम लोदीचे हत्ती तिथे निरुपयोगी ठरले. ज्याला गल्लीत वळवायला स्किपिओला तुताऱ्या लागल्या, त्याला बिचकवायला आता एक बार पुरत होता.

तरीही हत्ती गेला नाही. का? कारण सेनापतीला त्यावरून मैदान दिसतं आणि मैदानाला सेनापती दिसतो. आणि ही शेवटची दुखरी जागा. पानिपतावर १५५६ मध्ये हेमू जिंकत आलेला होता. डोळ्यात बाण लागून तो हौद्यात कोसळला आणि फौज फुटली. १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. लोकांना वाटलं, संपला. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि घोडा घेऊन गर्दीत शिरले, हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितलं जातं. लांबून लढणाऱ्या मराठ्याला दिसली ती रिकामी अंबारी. पराभवाची कारणं पुष्कळ होती, उपाशी फौज होती, मी सगळं अंबारीवर ढकलत नाही. पण पोरसाच्या काळात शत्रू माहुतावर नेम धरत होता, आणि आता शत्रूला तेवढेही कष्ट नव्हते.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. प्रश्न घेऊ.

प्रश्न (सी विंगमधल्या एक काकू) : आपल्याकडचे घोडे हत्तींना घाबरत नव्हते असं तुम्ही म्हणालात. मग परदेशी राजांना आपले घोडे सरावता येत नव्हते का?

उत्तर : येत होते, काकू. पण त्यासाठी आधी हत्ती जवळ हवा. घोड्याला महिनोन्महिने हत्तीच्या शेजारी बांधावं लागतं, त्याचा वास, आवाज अंगवळणी पडावा लागतो. रोमन सेनापती ज्यूलियस सीझर आफ्रिकेत लढत होता, तेव्हा त्याने इटलीतून हत्ती मागवले ते याचसाठी. लढायला नाही, तर आपल्या घोड्यांना आणि शिपायांना सवय व्हावी, हत्तीला चिलखत घातल्यावर कुठला भाग उघडा राहतो ते शिपायांना जवळून बघता यावं म्हणून. ते हत्ती त्याच्यासाठी शिकवणीचे मास्तर होते.

प्रश्न (सातवीतला एक मुलगा) : शिवाजी महाराजांकडे हत्ती होते ना? मग ते लढाईत का नाही दिसत?

उत्तर : होते. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन, त्याने रायगडावर राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती पाहिले आणि एवढ्या अवघड वाटेने हे वर आले कसे, याचं आश्चर्य लिहून ठेवलंय. लहानपणीच पिल्लं वर आणली आणि तिथेच वाढवली, असं लोक सांगतात. पण तूच सांग, तू रायगड चढलायस ना? पायऱ्यांनी? मग पाच टनांचा हत्ती, दिवसाला दीडशे किलो चारा, आणि रात्रीत चाळीस मैल दौड करून शत्रूवर पडायचं. जमेल? महाराजांनी हत्ती दारात उभा केला, लढाईला घोडा नेला. (हशा) आता पुढचा प्रश्न खाली चहाला विचार, वडे थंड होताहेत.